दहाव्या दिवसाचा ताप

ताप हा आम्हा फिजिशियन मंडळींचा रोजचा सोबती. पाऊस ओसरून भाद्रपद-आश्विन आले, की ग्वाल्हेरच्या कोणत्याही दवाखान्यात बाकावर बसलेल्यांपैकी निम्मे तरी तापाचेच असतात. मलेरिया, डेंग्यू, टायफॉईड, नाहीतर साधा विषाणूजन्य ताप. त्यामुळे "दोन गोळ्या द्या, रात्र जाऊ द्या, सकाळी दाखवा" हे वाक्य आमच्या तोंडात बसले आहे. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत ते योग्यही असते. परंतु एक रुग्ण असा आहे, की ज्याच्याविषयी हे वाक्य कधीही उच्चारू नये. तो म्हणजे केमोथेरपी चालू असलेला कर्करोगाचा रुग्ण. हे मी पुस्तकात वाचले होते आणि परीक्षेत लिहिलेही होते. तरीही ते वाक्य मी एकदा उच्चारले. या लेखाचे कारण तेच आहे.

गोष्ट 1995 सालची. लष्करात माझा दवाखाना नुकताच सुरू झाला होता. माझ्या आत्याला स्तनाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया पार पडली होती आणि केमोथेरपीचे दुसरे आवर्तन घेऊन ती घरी आली होती. आठवडा बरा गेला. अकराव्या दिवशी रात्री दहाच्या सुमारास आतेभावाचा फोन आला. "आईला 101 ताप आहे. बाकी काही नाही. खोकला नाही, जुलाब नाहीत. बोलते आहे, चहाही घेतला." मी म्हणालो, "पॅरासिटामॉल दे. सहा तासांनी पुन्हा दे. सकाळी मी येऊन जातो."

सकाळी ताप नव्हता. घरच्यांना त्याचे समाधान वाटत होते. मी हात हातात घेतला तो थंडगार होता. नाडी अतिशय वेगवान आणि क्षीण, रक्तदाब नोंदला जाईना, आणि आत्या मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारीत होती. रुग्णालयात नेले. श्वेतपेशी 600. छातीचा एक्स-रे स्वच्छ, लघवीत पूपेशी नाहीत. दुपारी ती गेली. रक्तात जंतू वाढल्याचा अहवाल दोन दिवसांनी हाती आला.

घरात कोणीही मला दोष दिला नाही. त्या काळी असे घडतच असे, असे म्हणून मीही सुटू शकलो असतो. परंतु योग्य उपचार काय, हे तेव्हाही चोवीस वर्षे ठाऊक होते.

पू का होत नाही?

आपल्या रक्तातील श्वेतपेशींपैकी निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल नावाच्या पेशी असतात. जंतू शिरला, की प्रथम धाव घेतात त्या ह्याच. जंतूंना गिळून त्या मरतात आणि त्यांच्या मृत देहांचा जो साठा होतो, त्यालाच आपण पू म्हणतो. गळवाला येणारी सूज व लाली, न्यूमोनियात एक्स-रेवर दिसणारा पांढरा डाग, मूत्रमार्गाच्या संसर्गात लघवीत सापडणाऱ्या पूपेशी, ही सारी चिन्हे मुख्यतः न्यूट्रोफिल पेशींच्या गर्दीमुळे उमटतात. डॉक्टर संसर्ग शोधतो म्हणजे बहुतांशी ही गर्दीच शोधतो.

केमोथेरपीची औषधे वेगाने विभाजित होणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कर्कपेशींबरोबर अस्थिमज्जेतील जननपेशीही त्यात सापडतात. मात्र तोटा लगेच दिसत नाही. न्यूट्रोफिल रक्तात फार अल्पकाळ टिकत असली, तरी मज्जेत तयार पेशींचा काही दिवसांचा साठा असतो. तो खर्ची पडेपर्यंत रुग्णाची मोजणी बरी राहते. साठा संपला आणि मागून नवी भर नाही, अशी वेळ साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान येते. म्हणूनच रुग्ण केमोथेरपी घेऊन ठणठणीत घरी येतो, पाहुण्यांशी गप्पा मारतो आणि आठ-दहा दिवसांनी संकटात सापडतो. रक्तकर्करोगात व त्याच्या तीव्र उपचारांत हा काळ बराच लांबतो.

याच दिवसांत तोंडापासून गुदद्वारापर्यंतचे कोवळे अस्तरही केमोथेरपीने सोललेले असते. आपल्या आतड्यांत कोट्यवधी जंतू जन्मभर निरुपद्रवी राहतात. कारण भिंत अखंड असते आणि भिंतीवर पहारा असतो. येथे भिंतीला भेगा पडतात आणि पहाराही उठतो. बाहेरच्या अस्वच्छतेपेक्षा रुग्णाच्या स्वतःच्या आतड्यांतील ई. कोलाय, क्लेब्सिएला, स्यूडोमोनास हे जंतूच बहुधा रक्तात शिरतात. फळे न खाऊ घालता किंवा खोली बंद करून ठेवून हा धोका टळत नाही, तो यामुळेच.

आता दोन्ही गोष्टी एकत्र पाहा. जंतू रक्तात शिरला आहे, पण गर्दी करणाऱ्या पेशीच नाहीत. म्हणून पू नाही, सूज नाही, एक्स-रेवर डाग नाही. शरीराजवळ उरलेली एकच हाक म्हणजे ताप. माझ्या आतेभावाने फोनवर "बाकी काही नाही" असे सांगितले, तेव्हा मला हायसे वाटले होते. वास्तविक त्या तीन शब्दांतच धोका होता.

उपचार आधी, निदान नंतर

1966 साली अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत डॉ. जेराल्ड बोडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तकर्करोगाच्या रुग्णांच्या नोंदी तपासून दाखवून दिले, की श्वेतपेशी जितक्या कमी आणि जितके अधिक दिवस कमी, तितका संसर्ग अधिक. तरीही तोपर्यंतची रीत अशी, की रक्तात कोणता जंतू वाढतो ते कळावे आणि मग औषध निवडावे. अहवालाला दोन-तीन दिवस लागत आणि तोवर अनेक रुग्ण दगावलेले असत. 1971 साली डॉ. स्टीफन शिम्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रम उलटा केला. ताप येताच, जंतूची वाट न पाहता, कार्बेनिसिलिन व जेंटामायसिन ही दोन प्रतिजैविके सुरू करावयाची. या एका बदलाने असे रुग्ण वाचू लागले. औषधे पुढे बदलत गेली, क्रम मात्र आजही तोच आहे.

व्याख्या सोपी आहे. तोंडातील तापमान एकदाही 101 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक भरले, अथवा 100.4 अंश वा त्याहून अधिक तासभर टिकले. आणि न्यूट्रोफिलची प्रत्यक्ष संख्या 500 पेक्षा कमी असली किंवा दोन दिवसांत तितकी खाली जाण्याची शक्यता असली, की त्या अवस्थेला फेब्राईल न्यूट्रोपेनिया म्हणतात. व्याख्येतील दुसरा भाग प्रयोगशाळेने सांगावयाचा असतो. परंतु पहिली मात्रा त्यासाठी अडवून ठेवावयाची नसते. रुग्ण दारात आल्यापासून एका तासाच्या आत प्रतिजैविक शिरेत गेले पाहिजे, हे आज सर्वमान्य आहे.

गौरी आल्या त्या रात्री

21 सप्टेंबर 2023. गौरी-आवाहनाचा दिवस. आमच्या ओळखीच्या घरातील बावन्न वर्षांच्या वहिनींना स्तनाच्या कर्करोगासाठी 12 सप्टेंबरला डॉक्सोरुबिसिन व सायक्लोफॉस्फामाइड यांचे पहिलेच आवर्तन दिले होते. तो दिवस पहिला धरला, तर आवाहनाचा दिवस दहावा. घरात दुसऱ्या दिवशीच्या नैवेद्याची तयारी चालली होती. संध्याकाळी साडेसातला त्यांच्या सूनबाईंचा फोन आला.

"काका, आईंना थंडी वाजते आहे. दिवसभर पाटावर बसून होत्या, दमल्या असतील. ताप शंभर पॉइंट सहा आहे. क्रोसिन देऊ का?"

"केमो होऊन कितवा दिवस?"

"दहावा."

"गोळी देऊ नकोस. गाडी काढा आणि रुग्णालयात या. केमोची फाईल बरोबर घ्या. मी पोहोचतो."

मागून वहिनींचा आवाज ऐकू आला, की गौरी बसल्या आहेत, उद्या सकाळी जाऊ. मी सूनबाईंना म्हणालो, "त्यांना सांग, गौरींना राग येणार नाही." तापमान अजून 101 झालेले नव्हते. तासभर टिकले आहे का, हे पाहता आले असते. परंतु दहावा दिवस आणि हुडहुडी एवढ्यावर घड्याळ लावून बसणे मला पटले नाही.

त्या 8 वाजून 10 मिनिटांनी पोहोचल्या. ताप 101.8, नाडी 118, रक्तदाब 104/64, श्वास मिनिटाला 22. तपासणी डोक्यापासून पायापर्यंत केली. तोंडात दोन छाले, छाती स्वच्छ, पोट मऊ. ज्या जागा रुग्ण लाजेने दाखवीत नाही व डॉक्टर घाईने पाहत नाही, त्या मुद्दाम पाहाव्या लागतात: काखा, जांघा, नखांच्या कडा, सलाईनच्या सुया टोचलेल्या जागा आणि गुदद्वाराभोवतीची त्वचा. तेथे केवळ पाहावयाचे व हलके दाबून दुखते का विचारावयाचे. बोट आत घालून तपासणी करावयाची नाही, गुदद्वारातून ताप घ्यावयाचा नाही आणि एनिमा द्यावयाचा नाही, कारण त्या सोललेल्या अस्तरातून आपणच जंतूंना वाट करून देतो. स्नायूत इंजेक्शनही टाळावयाचे.

8.25 ला दोन्ही हातांच्या शिरांतून वेगवेगळे रक्त घेऊन कल्चरच्या बाटल्यांत घातले. प्रत्येक बाटलीत आठ ते दहा मिलिलिटर रक्त हवे. दोन मिलिलिटर घालून पाठविलेल्या बाटलीचा "जंतू आढळले नाहीत" हा अहवाल फसवा असतो. रुग्णाला पोर्ट किंवा पिक लाइन असेल, तर एक जोडी त्यातूनही घ्यावी. त्याच वेळी रक्तमोजणी, क्रिएटिनिन, यकृताच्या चाचण्या आणि लॅक्टेट यांसाठी रक्त पाठविले. पेनिसिलिनची अॅलर्जी नाही, हे विचारून घेतले. 8.40 ला पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टम साडेचार ग्रॅम शिरेतून सुरू झाले. एक्स-रे त्यानंतर काढला, तो स्वच्छ होता.

मोजणीचा अहवाल 9.20 ला आला. एकूण श्वेतपेशी 900, त्यांपैकी न्यूट्रोफिल 20 टक्के. नऊशेचे वीस टक्के म्हणजे 180. ही संख्या प्रत्येकाने स्वतः काढावी. अहवालावर केवळ एकूण आकडा ठळक छापलेला असतो. शिवाय श्वेतपेशी इतक्या थोड्या असल्या, की यंत्राने दिलेल्या टक्केवारीवर विसंबू नये. काचपट्टीवर पेशी डोळ्यांनी पाहून खात्री करून घ्यावी.

येथवर सारे ठीक होते. वहिनींचा ताप शंभरावर आला होता. घरी सोडता येईल का, अशी विचारणा झाली. प्रश्न अगदीच अवाजवी नव्हता. अशा रुग्णांचा धोका मोजण्यासाठी 2000 साली प्रसिद्ध झालेली मास्क नावाची गुणपद्धती आहे. वय, रक्तदाब, त्रासाची तीव्रता, श्वसनाचा जुना विकार, कर्करोगाचा प्रकार इत्यादी पाहून 26 पैकी गुण देतात. 21 किंवा अधिक गुण म्हणजे कमी धोका. अशा निवडक रुग्णांना पोटातून घेण्याच्या प्रतिजैविकांवर घरी पाठविता येते. वहिनींचे गुण भरले 24. कागदावर त्या कमी धोक्याच्या होत्या. परंतु पहिल्या मात्रेनंतर किमान चार तास नजरेखाली ठेवल्याशिवाय कोणालाही सोडू नये, असा दंडक आहे. आम्ही थांबलो.

साडेदहाला परिचारिकेने हाक मारली. रक्तदाब 84/50, पायांची बोटे थंड, वहिनी गुंगीत. लॅक्टेट 3.4 आले होते. शिरेतून द्रव वेगाने सुरू केला. किलोमागे 30 मिलिलिटर या हिशेबाने 58 किलो वजनाला सुमारे पावणेदोन लिटर. तेवढ्याने रक्तदाब 90 च्या वर स्थिरावेना, म्हणून अतिदक्षता विभागात हलवून नॉरअॅड्रेनलिन जोडले. प्रतिजैविकही बदलले: मेरोपेनेम एक ग्रॅम दर आठ तासांनी आणि सोबत वजनाच्या प्रमाणात अॅमिकासिन. कारण स्थिती ढासळत असताना पहिल्या औषधाला न जुमानणारा जंतू गृहीत धरावा लागतो. आपल्या देशात ई. कोलाय व क्लेब्सिएला यांच्यात प्रतिकारशक्ती इतकी पसरली आहे, की परदेशी पुस्तकातील पहिले औषध येथे पहिले असेलच असे नाही. आपल्या रुग्णालयात गेल्या वर्षभरात कोणते जंतू सापडले आणि कोणत्या औषधांना ते बधले, याचा तक्ता सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडून मागवून भिंतीवर लावलेला असावा. पहिली निवड त्यावरून ठरते.

त्या रात्री मी बाहेरच्या बाकावर बसून होतो. मनात गणित चालले होते. सूनबाईंनी क्रोसिन दिली असती, तर ताप नऊ वाजता उतरला असता. सर्वांनी जेवून दिवे मालवले असते. साडेदहाला रक्तदाब कोसळला, तेव्हा वहिनी अंधाऱ्या खोलीत पांघरुणाखाली असत्या आणि घरच्यांना वाटले असते, की त्यांना छान झोप लागली. अठ्ठावीस वर्षांपूर्वी आत्याच्या खोलीत नेमके हेच घडले असले पाहिजे.

पहाटे नॉरअॅड्रेनलिन थांबविता आले. सकाळी साडेसातला, म्हणजे रक्त घेतल्यापासून अकरा तासांनी, कल्चरच्या यंत्राने बाटलीत वाढ असल्याची खूण दिली. पुढे नाव कळले: ई. कोलाय. पिपेरासिलिन व सेफॅलोस्पोरिन यांना दाद न देणारा, मेरोपेनेम व अॅमिकासिनला बधणारा. अॅमिकासिन लवकरच बंद केले, कारण त्याचा भार मूत्रपिंडावर व कानांवर पडतो आणि एकट्या मेरोपेनेमने भागत होते. न्यूट्रोफिल वाढविणारे फिल्ग्रॅस्टिम हे इंजेक्शनही दिले. ते प्रत्येक तापाला देण्याचे औषध नव्हे. पण रक्तदाब कोसळलेल्या रुग्णात त्याचा विचार करतात.

ताप मात्र लगेच उतरला नाही. दुसऱ्या व तिसऱ्या दिवशीही 101 च्या आसपास येत राहिला. नातेवाईक अस्वस्थ झाले आणि औषध बदलण्याचा आग्रह झाला. योग्य औषध चालू असूनही अशा रुग्णाचा ताप उतरावयास तीन-चार दिवस लागू शकतात. रुग्ण स्थिर असेल, रक्तदाब व लघवी ठीक असेल, तर केवळ आकड्याला घाबरून रोज नवे प्रतिजैविक जोडणे चूक आहे. ताप चार दिवसांपलीकडे टिकला आणि पेशी खालीच राहिल्या, तर बुरशीचा संशय घेऊन छातीचा सी. टी. स्कॅन व बुरशीविरोधी औषध यांचा विचार करावा लागतो. वहिनींवर ती वेळ आली नाही. न्यूट्रोफिल 180 वरून 60, मग 40, मग 120 आणि पाचव्या दिवशी 640 झाले. ताप चौथ्या दिवशी गेला. सात दिवसांचे मेरोपेनेम पुरे करून 28 सप्टेंबरला त्या घरी आल्या. त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती.

पुढचे आवर्तन आठवडाभर लांबविले आणि त्यानंतर प्रत्येक वेळी केमोथेरपीला चोवीस तास उलटल्यावर पेगफिल्ग्रॅस्टिमचे इंजेक्शन दिले, जेणेकरून पेशी इतक्या खाली जाऊ नयेत. सर्व आवर्तने पार पडली.

चूक कोठे होते?

माझ्या व्यवसायबंधूंना येथे दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली डेंग्यूची. आश्विनात ताप, श्वेतपेशी 900 आणि प्लेटलेट 90 हजार असा अहवाल पाहिला, की आपला हात आपोआप "डेंग्यू" लिहू लागतो. डेंग्यूतही दोन्ही पेशी घटतात आणि उपचार म्हणजे पॅरासिटामॉल व द्रव. परंतु केमोथेरपीच्या रुग्णात तोच अहवाल अगदी निराळी गोष्ट सांगत असतो. डेंग्यू-मलेरियाच्या चाचण्या अवश्य कराव्यात, पण प्रतिजैविक चालू असताना. आणि डेंग्यूची चाचणी होकारार्थी आली, तरी रक्तात जंतू नाहीत असे ठरत नाही. म्हणून तापाच्या प्रत्येक रुग्णाला, विशेषतः डोक्याला रुमाल बांधलेल्या, एक प्रश्न विचारावा: "गेल्या महिनाभरात केमो झाली आहे का?" आपल्याकडे रुग्ण हे आपण होऊन सांगत नाहीत. कर्करोगाचे नाव दवाखान्यात इतरांसमोर काढणे त्यांना नको असते.

दुसरी गोष्ट अंतराची. आपल्या शहरातील मांढरे की माता परिसरातील कर्करोग रुग्णालयात आणि अन्यत्र केमोथेरपी घेणारे अनेक रुग्ण मुरैना, भिंड, शिवपुरी, श्योपूर येथून येतात. औषध येथे मिळते आणि दहाव्या दिवसाचा ताप तेथे येतो. श्योपूर दोनशे किलोमीटरांहून दूर आहे. तेथील डॉक्टरांनी "ताबडतोब ग्वाल्हेरला न्या" असे लिहून चिठ्ठी दिली, तर तो तास रस्त्यातच संपतो. योग्य क्रम असा: जवळच्या रुग्णालयात शिरेत सुई लावावी, शक्य असल्यास कल्चरचे रक्त घ्यावे, पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टम किंवा सेफेपिम यांपैकी जे हाताशी असेल त्याची पहिली मात्रा द्यावी, सलाईन चालू करावी आणि मग रुग्ण पाठवावा. केवळ सेफ्ट्रायॅक्सोन उपलब्ध असेल, तर ते स्यूडोमोनासवर अपुरे आहे हे जाणून अॅमिकासिनची जोड द्यावी. मात्र काहीच न देण्यापेक्षा तेही पुष्कळ बरे. दिलेले औषध आणि वेळ चिठ्ठीवर लिहावी.

घरी काय करावे?

ज्यांच्या घरी केमोथेरपी चालू आहे, त्यांनी थर्मामीटर घरात ठेवावा आणि केमोथेरपीच्या दिवसापासून कॅलेंडरवर दिवस मोजावेत. रुग्णाला कसेतरी वाटले, कणकण वाटली, थंडी वाजली, की तोंडात ताप मोजावा. काखेत तो सुमारे एक अंशाने कमी भरतो, हे लक्षात असू द्यावे. 100.4 किंवा अधिक दिसला, तर गोळी न देता उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करून निघावे. कोणत्याही वेळी, कोणत्याही सणाला. कोणते औषध, कोणत्या तारखेला, याचा कागद पाकिटातच असावा, कारण रात्रीच्या डॉक्टरांना तो प्रथम लागतो.

आणि ताप नसतानाही फसगत होऊ शकते. वृद्धांना आणि केमोथेरपीबरोबर स्टिरॉइड घेणाऱ्यांना गंभीर संसर्गातही ताप येत नाही. दहाव्या दिवशी रुग्ण एकाएकी गळून गेला, असंबद्ध बोलू लागला, पोट दुखू लागले, लघवी कमी झाली किंवा हातपाय गार पडले, तर थर्मामीटर काहीही म्हणो, तोही तापच समजावा.

प्रत्येक रुग्ण वाचतोच असे नाही. वेळेवर आलेल्यांतही काहींना आपण गमावतो, विशेषतः रक्तकर्करोगाच्या दीर्घ उपचारात. परंतु वेळ दवडल्यामुळे गेलेला रुग्ण डॉक्टराच्या मनातून जात नाही. आजही रात्री दहानंतर फोन वाजला आणि पलीकडून कोणी "ताप आहे, बाकी काही नाही" असे म्हणाले, की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. तो मी एका रात्री विचारला नव्हता.